चिकन धुवायचंच असेल तर नळ बंद ठेवा

आखाडातल्या रविवारी आमच्या सांगलीच्या घरी दोन किलो चिकन येतं आणि सिंकपाशी मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर वर्षी त्याच मुद्द्यावर अडून बसतो. मी म्हणते, धुवू नका. त्या म्हणतात, "बाजारातनं आणलेलं तसंच चुलीवर ठेवायचं? रक्त दिसतंय की त्याला!" कॉलेजात पोरांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत माझी वीस वर्षं गेली, पण ओट्यापुढे माझं शिक्षण काही चालत नव्हतं. पुढे लक्षात आलं की त्यांच्या म्हणण्यातही अर्धं खरं आहे. "चिकन धुवू नका" हा सल्ला जिथून आला, तिथलं चिकन आणि आमच्या कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरचं चिकन यांत फरक आहे. म्हणून हा लेख फक्त आपल्याकडच्या चिकनबद्दल आहे: समोर कापलेला ब्रॉयलर, पिशवीत घालून घरी आणलेला, अजून थोडा कोमट.

आधी जंतूंचं बघू. कच्च्या चिकनवर प्रामुख्याने दोन जंतूंची काळजी करायची, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर. दोन्ही कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतात आणि कोंबडीला बहुतेक वेळा काही होत नाही. पक्षी गरम पाण्यात बुडवताना, पिसं काढायच्या ड्रममध्ये फिरवताना आणि पोट साफ करताना ते कातडीवर आणि मांसावर येतात. साल्मोनेला ओट्यावर सांडला तर उन्हाळ्यात वाढत राहतो. कॅम्पिलोबॅक्टरचं उलट आहे. तो घरातल्या हवेत वाढत नाही आणि वाळला की लवकर मरतो. पण आजारी पडायला त्याचे काहीशे जंतू पोटात गेले तरी पुरतात, आणि तेवढे एका थेंबात सहज मावतात. म्हणजे त्याला वाढायची गरजच पडत नाही. थेंब उडाला, कोशिंबिरीत पडला, काम झालं.

त्यात एक फसवी गोष्ट अशी की कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास साधारण दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. रविवारी चिकन, बुधवारी जुलाब, ताप, पोटात मुरडा. आपण बोल लावतो मंगळवारच्या पाणीपुरीला. त्यामुळे "आम्ही इतकी वर्षं धुतोय, काही झालं नाही" या वाक्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. झालं असेल, पण त्याची सांगड सिंकशी कुणी घातली नसेल.

हळदीचा प्रयोग

आत्याबाईंना तोंडी सांगून पटत नव्हतं, म्हणून एका रविवारी घरातल्याच वस्तूंनी प्रयोग केला. तुम्हीही करून बघा, अर्धा तास लागतो. एका लेग पीसला नेहमीपेक्षा भरपूर हळद चोळली. सिंकच्या कडेने ओट्यावर, भांडी निथळायच्या जाळीवर, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाखाली आणि खाली फरशीवर पांढरे कोरे कागद अंथरले. मग आत्याबाईंना म्हटलं, नेहमीसारखं धुवा. त्यांनी नळ सोडला, पीस उलटसुलट करून चोळला, झटकला आणि ताटलीत ठेवला.

कागदावर पाच-सहा पिवळे ठिपके दिसले. "बघ, एवढंसंच उडालं," त्या म्हणाल्या. मग मी स्प्रेच्या बाटलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलं आणि कागदांवर हलकं फवारलं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे हळदीच्या पेठेतल्या माणसाला सांगायला नको. सोडाही तेच करतो. डोळ्याला न दिसणारे बारीक ठिपके तांबूस होऊन वर आले. जाळीवरच्या कागदावर डझनभर तरी होते. पिंपाखालच्या कागदावर तीन. सर्वांत लांबचा ठिपका फरशीवर, सिंकच्या कडेपासून दोन फुटांच्या थोडा पुढे. आणि नळाच्या चावीवर हळदीचा अख्खा अंगठा उमटला होता.

हा प्रयोग पाणी कुठवर गेलं ते दाखवतो, जंतू मोजत नाही, एवढं मी प्रामाणिकपणे सांगते. पण जंतूंना जायला दुसरं वाहन लागत नाही.

पाणी एवढं का उडतं, याचाही लोकांनी अभ्यास केला आहे. २०२२ साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी नळाखाली चिकन धुताना उडणारं पाणी मोजलं. नळ जितका उंच आणि धार जितकी जोरात, तितके शिंतोडे जास्त, हे अपेक्षितच होतं. गंमत पुढे आहे. चिकन मऊ असतं, त्यामुळे धार पडते तिथे खळगा होतो आणि पाणी त्या खळग्यातून वर फेकलं जातं. स्टीलच्या ताटावर तीच धार सोडली तर एवढं उडत नाही. आपल्याकडे वरच्या टाकीचं पाणी चांगल्या दाबाने येतं आणि सिंकवरचा नळ हंडा खाली बसावा म्हणून उंच लावलेला असतो. दोन्ही गोष्टी उलट्याच पडतात.

न धुणारेही सुटत नाहीत

इथे माझ्या बाजूचंही थोडं खोडून काढते. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ साली एक पाहणी जाहीर केली. लोकांना स्वयंपाकघरात बोलावून चिकन आणि सॅलड करायला सांगितलं, आणि चिकनवर आधीच निरुपद्रवी, पण नंतर ओळखता येतील असे जंतू लावून ठेवले होते. चिकन धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते जंतू सापडले. सिंक साफ केल्यावरही १४ टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते उरलेच. धुणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये जंतू पोचले. आणि ज्यांनी चिकन धुतलंच नव्हतं, त्यांच्यापैकी? ३१ टक्के.

म्हणजे नुसतं "मी धुवत नाही" म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. चिकनला लागलेला हात नीट न धुता दुसरीकडे गेला की शिंतोड्यांची गरजच उरत नाही. आपल्या घरात सॅलडच्या जागी काय असतं ते बघा: चिरलेला कांदा, लिंबाच्या फोडी, काकडी, वरून भुरभुरायची कोथिंबीर. यातलं काहीच शिजत नाही. तांबडा रस्सा उकळून उकळून जंतुमुक्त झालेला, आणि त्यावर सिंकशेजारी चिरलेली कोथिंबीर!

मग धुवायचं की नाही?

पॅकबंद, थंड करून विकलेलं चिकन असेल तर नाही. ते साफ होऊनच येतं. पिशवीतलं लालसर पाणी रक्त नसतं, मांसातून सुटलेलं पाणी आणि मांसाचा रंग असतो. पिशवी सिंकमध्ये कापायची, चिकन थेट भांड्यात, पिशवी थेट कचऱ्यात. काही चिकटलं असेल तर टिश्यूने टिपायचं.

समोर कापलेल्या चिकनचं वेगळं आहे. त्यावर कधी पिसांची खुंटं असतात, कधी हाडाचा चुरा, कधी दुकानातल्या लाकडी ठोकळ्याची कपची, आणि पाठीच्या हाडाला चिकटलेला फुप्फुसाचा मऊ तांबडा भाग. हे काढायलाच हवं, आणि आत्याबाईंचं अर्धं खरं ते इथे. पण हे काढायला वाहतं पाणी लागत नाही. आणि जंतू काढायला पाणी उपयोगाचं नाही, कारण ते कातडीच्या भोकांत आणि मांसाच्या दुमडींत धरून बसलेले असतात. जंतू मारायचं काम आचेचं. धुण्याने जी जाते ती घाण, आणि तेवढ्यापुरतंच धुणं धरायचं.

हळद-मीठ, लिंबू, व्हिनेगर यांचंही सांगून टाकते. वास कमी होतो, बुळबुळीतपणा जातो, चव मुरते. जंतू भरवशाने मरत नाहीत. हळद तर पाण्यात धड विरघळतही नाही. ती लावायची, पण लावून परत धुवायची नाही, कारण तो दुसऱ्यांदा शिंतोडे उडवण्याचा कार्यक्रम होतो. आपल्याकडे अळणी करताना चिकनला हळद, मीठ, आलं-लसूण लावून तसंच पातेल्यात परततात. ती जुनी पद्धत या बाबतीत अगदी बरोबर आहे.

दुकानापासून

निम्मं काम दुकानातच होतं. कापणाऱ्याला सांगायचं, "कातडी काढा, फुप्फुस काढा, आणि पाण्यात बुडवू नका, तसंच द्या." बऱ्याच दुकानांत साफ केलेला पक्षी शेवटी एका बादलीत किंवा टबात बुचकळून देतात. सकाळपासूनचे सगळे पक्षी त्याच पाण्यातून गेलेले असतात. ते पाणी लाल दिसलं तर माझा नकार ठाम असतो. कातडी काढली की जंतूंचा बराचसा भार तिच्याबरोबर जातो. गावरान कोंबडी कातडीसकट हवी असेल तर पिसांची खुंटं तिथेच जाळावर होरपळून घ्यायला सांगा.

दोन पिशव्या लावून आणा आणि भाजीच्या पिशवीत ठेवू नका. शिजायला वेळ असेल तर फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या डब्यात झाकून ठेवा. बाहेर दोन तासांच्या वर नको. एप्रिल-मे महिन्यात तासाभराच्या वर नको.

सिंकपाशी, क्रमाने

आमच्या घरी आता दोन किलोचं काम कसं चालतं ते सांगते. सुरुवात चिकनपासून होत नाही, कांद्यापासून होते. कांदा, लिंबू, काकडी, कोथिंबीर आधी धुवून, चिरून, झाकून जेवणाच्या टेबलावर जातात. पिण्याच्या पाण्याचं पिंप किंवा फिल्टर सिंकजवळ असेल तर तांब्या, फुलपात्रं उचलायची. जाळीतली धुतलेली भांडी फडताळात. सिंकमध्ये एकही भांडं नको. हा भाग कंटाळवाणा आहे आणि आमच्याकडे रोज विसरला जातो, पण माझ्या प्रयोगात डझनभर ठिपके जाळीवरच होते हे आठवा.

मग हाताशी काय लागेल ते मांडून ठेवायचं, म्हणजे चिकनच्या हाताने कपाट, मिठाचा डबा, मोबाइल काही उघडावं लागत नाही. हळद-मीठ एका वाटीत आधीच काढून ठेवायचं. कचऱ्याची पिशवी उघडून ठेवायची. बांगड्या आणि अंगठी काढायच्या. आत्याबाई बांगड्या काढत नाहीत, त्या कोपरापर्यंत सरकवून घेतात. तेवढं मी चालवून घेते.

आता परातीत चिकन कोरडंच पसरा आणि एकेक तुकडा हातात घेऊन बघा. खुंटं चिमटीने उपटा, चुरा आणि कपच्या टिश्यूने पुसून काढा, फुप्फुसाचा तुकडा नखाने सोडवा. दोन किलोला दहा मिनिटं लागतात. आमच्याकडे दहापैकी आठ वेळा इथेच काम संपतं आणि चिकन थेट पातेल्यात जातं.

उरलेल्या दोन वेळा, म्हणजे हाडाचा चुरा खूप असला किंवा आत्याबाई ऐकतच नसल्या तर, पातेल्यातलं धुणं. खोल पातेलं सिंकच्या तळाशी ठेवायचं. त्यात आधी पाणी भरायचं, दोन किलोला तीन-चार लिटर, काठापासून चार बोटं खाली राहील एवढं. नळ बंद. मग तुकडे चार-चार करून पाण्यात हलकेच सोडायचे, पाण्याखालीच बोटांनी फिरवायचे आणि उचलून पाण्याच्या वरच क्षणभर निथळू द्यायचे. झटकायचं नाही. ही सवय सुटायला मला स्वतःला महिना लागला. निथळलेला तुकडा शेजारच्या शिजवायच्या पातेल्यात. चाळणीत ओतून वरून पाणी मारायचं नाही.

एकदा बुडवलं की पुरे. "पाणी नितळ येईस्तोवर" हा हट्ट सोडा. मांसातून रंग सुटतच राहतो, चार पाण्यांनंतरही पाचवं गुलाबीच येणार. प्रत्येक जादा पाण्याबरोबर चव जाते आणि सिंक आणखी खराब होतं.

पाणी ओतताना पातेल्याचा काठ सिंकच्या भोकाशी टेकवून हळू कलंडायचं. उंचावरून भसकन ओतलंत तर आतापर्यंतचं सगळं शिस्तीचं काम वाया.

नंतरची पाच मिनिटं

पहिले हात. नळाची चावी मनगटाने किंवा कोपराने उघडा, साबण लावा, वीस सेकंद चोळा. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठ्याचा बुंधा. मग त्याच साबणाने नळाची चावी धुवा. हात धुवून परत त्याच चावीला हात लावला की पहिल्यासारखंच झालं.

मग सिंक, आणि यात क्रम महत्त्वाचा. आधी भांड्यांचा साबण आणि गरम पाण्याने सिंक, कड आणि ओट्याचा आजूबाजूचा पट्टा घासा. चरबीचा थर राहिला तर पुढचं औषध त्या चरबीवरच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. त्या पाहणीतल्या १४ टक्के लोकांनी सिंक साफ केलाच होता, तरी जंतू उरले. साबणाने चिकटपणा सुटतो, राहिलेले जंतू मारायला दुसरी पायरी लागते. साबण धुवून टाकल्यावर कपडे पांढरे करायचं द्रव ब्लीच, ज्याच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट चार टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं असतं, ते लिटरभर साध्या पाण्यात एक चहाचा चमचा घ्या. हे पाणी सिंकला, कडेला आणि चावीला लावून पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग साध्या पाण्याने धुवा. द्रावण रोज ताजं करायचं, शिळ्याचा जोर जातो.

एक सक्त सूचना: या ब्लीचमध्ये संडास धुवायचं अॅसिड, लिंबू किंवा व्हिनेगर मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. लिंबू लावलेल्या चिकनचं पाणी सिंकमध्ये ओतलं असेल तर आधी भरपूर पाणी सोडा आणि मगच ब्लीच.

राहिलं ओट्यावरचं फडकं. चिकनचं पाणी त्याने पुसलं की त्याच फडक्याने आपण नंतर ताटं पुसतो. त्या वेळेपुरता टिश्यू किंवा जुना वर्तमानपत्राचा कागद घ्या आणि टाकून द्या. चुकून फडकं लागलंच तर पाण्यात पाच मिनिटं उकळून उन्हात वाळत घाला. परात, विळी, पाट आणि घासणी यांचीही गत तीच: आधी साबण, मग ब्लीचचं पाणी.

शिजलं कसं ओळखायचं

न धुता शिजवायचं म्हटल्यावर पुढचा प्रश्न हाच येतो. मांसाच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सियस झालं की दोन्ही जंतू मेले. रस्सा उकळतो तेव्हा पाणी शंभराच्या आसपास असतं, त्यामुळे झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं रटरटलेल्या तुकड्यांची काळजी नाही. सावध राहायचं ते सुक्यात, तव्यावर आणि शेगडीवर भाजलेल्या जाड लेग पीसमध्ये. ते वरून करपतात आणि आत हाडाशी कच्चे राहतात. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो, भाजायची आवड असेल तर तो घ्याच. टोक हाडाला टेकू देऊ नका, आकडा चुकतो.

रंगावर मात्र जाऊ नका. ब्रॉयलर दीड महिन्याच्या आतबाहेरचा कोवळा पक्षी. त्याची हाडं सच्छिद्र असतात आणि शिजताना आतला रंग बाहेर झिरपतो. हाडालगत लालसर दिसलं म्हणून ते कच्चं असतंच असं नाही, आणि पांढरं दिसलं म्हणून शिजलं असंही नाही. आत्याबाई हाडाशी लाल दिसलं की "नीट धुतलं नाहीस" म्हणायच्या. दहा पाण्यांनी धुतलं तरी ते जाणार नाही, ते हाडाच्या आतून येतं.

धुतलेल्या पाण्याचं एक राहिलं. आमच्या घरी ते कढीपत्त्याच्या आळ्यात जायचं, झाड फोफावतं म्हणून. फोफावतं खरंच. पण आत्याबाई उभ्याने पातेलं ओतायच्या, पाणी खालच्या पानांवर उडायचं, आणि शेजारच्याच कुंडीत कोथिंबीर होती. आता ते पाणी नारळाच्या बुंध्याशी जातं, वाकून, मातीलगत. कोथिंबिरीची कुंडी आम्ही गच्चीवर हलवली.